शंभरातले चौऱ्याण्णव

परीक्षाप्रमुख बाईंना या सगळ्यातून मिळायचं काय होतं, ते आधी बघू. उपप्राचार्यांची खोली. तिला दोन खिडक्या, स्वतःचं दार आणि दारावर पाटी. सध्या बाई बसायच्या ती खोली म्हणजे कपाटं ठेवून उरलेली जागा. खुर्ची मागे सरकवली की उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला ढुशी बसायची. उपप्राचार्य सुट्टीनंतर निवृत्त होणार होते, आणि प्राचार्य एकदा जिन्यात म्हणाले होते, "हे डिटेक्टरचं प्रकरण तडीस न्या, मग बघू." या 'मग बघू'चा अर्थ बाईंनी दोन खिडक्या असा लावला आणि घरी पडद्याचं कापड कोणतं, याचा विचार सुरू केला.

कॉलेज शिक्षक घडवणारं. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक मोठा निबंध लिहून द्यायचा असतो. तो स्वतः लिहिला की संगणकाकडून लिहून घेतला, हे ओळखणारं सॉफ्टवेअर म्हणजे हा डिटेक्टर. तो विकायला आलेल्या गृहस्थांना स्टाफरूमने पहिल्याच चहात 'गोडबोल्या' हे नाव बहाल केलं. त्याच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत होतं: अचूकता ९४ टक्के. आत एक आलेख होता, डावीकडच्या कोपऱ्यातून सरळ वर चढून मग छताला चिकटून जाणारी रेघ. बाईंनी तो पाहिला, मान डोलावली आणि पान उलटलं. देवळात आपण मूर्तीला हात जोडतो, तिचं वजन विचारत नाही, तसं.

निबंध सहाशे आले. डिटेक्टरने चौऱ्याहत्तर लाल केले. त्या चौऱ्याहत्तर जणांचे निकाल बाईंनी थांबवले आणि प्राचार्यांनी सभेत जाहीर केलं की कॉलेजने शंभरातले चौऱ्याण्णव चोर पकडणारं यंत्र बसवलं आहे.

लाल झालेल्यांत मावशी होती. कोणाची मावशी नव्हे. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला आलेली बाई, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. एका शाळेत बालवर्गाची जागा तिला देऊ केलेली होती. अट एकच, निकालपत्र शुक्रवारच्या आत.

मंगळवारी ती बाईंसमोर उभी राहिली. "मॅडम, सत्त्याऐंशी आलेत म्हणे मला. इतके मार्क मला जन्मात पडले नव्हते."

"हे मार्क नाहीत हो. निबंध संगणकाने लिहिला असण्याची शक्यता सत्त्याऐंशी टक्के आहे."

"मग उरलेले तेरा टक्के मी लिहिलेत का?"

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यालाही ठाऊक नाही.

"खरं सांगा. तुम्ही लिहिलात ना?"

"लिहिला. पण सगळे इतकं विचारताहेत, की आता माझी मलाच शंका यायला लागलीय."

दुपारी बाई डबा घेऊन नणंदेच्या टेबलाशी गेल्या. नणंद त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून दोघींची एकमेकींना टोचायची सवय होती, आणि नोकरी एका छपराखाली आल्यावर तिला चांगली धार चढली होती.

"वन्सं, जरा हे बघता का? पण साध्या भाषेत सांगा. मी तुमची विद्यार्थिनी नाही."

"असता तर नापास झाला असता. द्या इकडे." नणंदेने चष्मा लावला. "हे सत्त्याऐंशी म्हणजे शक्यता, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"टक्क्यांसारखं दिसतं."

"तुमच्या चपलेचा आकडाही टक्क्यांसारखा दिसतो. हा नुसता गुण आहे, वहिनी. यंत्राला वाटणारा संशय. कोणत्या गुणाच्या वर लाल करायचं, ती रेषा माणसाने आखायची. तिला उंबरठा म्हणा. तुम्ही कुठे आखलीत?"

"मी कुठे आखू? सॉफ्टवेअरमध्ये पन्नास होतं, तेच राहू दिलं."

"बरं. आता हा आलेख. रेघेवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक उंबरठा. वर बघितलं तर नक्कलवाल्यांतले किती पकडले, आडवं बघितलं तर प्रामाणिकांतले किती उगाच पकडले. उंबरठा खाली आणला की दोन्ही वाढतात. एक वाढवून दुसरं वाढू द्यायचं नाही, असं जमत नाही."

"पण इथे लिहिलंय ना, शहाण्णव टक्के पकडतो आणि खोटी घंटा, म्हणजे उगाच पकडलेले, फक्त एक टक्का."

"कुठे लिहिलंय?"

"हे काय, तिसऱ्या पानावर शहाण्णव. आणि हे… नवव्या पानावर एक."

नणंद दोन्ही पानं आलटून पालटून बघत राहिली. मग तिने पट्टी काढली आणि आलेखावर आडवी ठेवली. "वहिनी, हे दोन आकडे एका ठिपक्याचे नाहीत. शहाण्णव पकडायचे तर या रेघेवर खोट्या घंटा आठ टक्के येतात. आणि खोट्या घंटा एक टक्का हव्या असतील, तर पकडले जातात एकसष्ट."

"म्हणजे?"

"म्हणजे स्थळ दाखवताना थोरल्याची नोकरी सांगायची आणि धाकट्याचा फोटो दाखवायचा."

बाईंनी घास तसाच हातात धरला. "मग चौऱ्याण्णव कुठले?"

"हे खाली बारीक अक्षरांत आहे. त्यांनी निम्मे खरे, निम्मे नकली असे लेख घेतले. नकलीतले शहाण्णव पकडले, खऱ्यांतले आठ उगाच पकडून ब्याण्णव सोडले; दोन्हींची सरासरी चौऱ्याण्णव. आपल्याकडे निम्मी पोरं नक्कल करतात का?"

"छे. विसात एक, फार तर."

"मग हा डबा डिटेक्टर म्हणून बसवा. सगळे प्रामाणिक आहेत, असं तो प्रत्येकाला सांगेल आणि शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर येईल. त्यांच्यापेक्षा एकाने जास्त. शिवाय भाजी."

बाईंना हसू आलं नाही. नणंदेने कागदावर मांडलं: सहाशेत तीस नक्कलवाले, त्यातले एकोणतीस पकडले; पाचशे सत्तर प्रामाणिक, त्यांचे आठ टक्के म्हणजे शेहेचाळीस. एकूण पंच्याहत्तर. आले किती? चौऱ्याहत्तर.

"अगं बाई. म्हणजे निम्म्याहून जास्त निरपराध?"

"तसं असेल. किंवा खोट्या घंटा खरंच थोड्या आहेत आणि नक्कलवालेच सत्तर आहेत. नुसत्या लाल आकड्यावरून दोन्ही गोष्टी खऱ्या दिसतात."

"अहो, पण तुम्ही आत्ता तर म्हणालात…"

"मी 'असेल' म्हणाले."

"वन्सं, मी आले तेव्हा मला कमी समजत होतं, पण जास्त खात्री होती."

संध्याकाळी बाईंनी गोडबोल्याला फोन लावला. एक टक्का कोणत्या उंबरठ्यावरचा, एवढंच विचारलं. त्याने आधी बाईंच्या अभ्यासू वृत्तीचं कौतुक केलं, मग आलेखाखालच्या क्षेत्रफळाचं. ते सत्त्याण्णव टक्के होतं म्हणे.

"त्याचा अर्थ काय?"

"मॅडम, अर्थ असा की एकूण कामगिरी उत्तम."

"माझ्या नणंदेचं म्हणणं, की एक नकली आणि एक खरा निबंध समोर ठेवला, तर शंभरात सत्त्याण्णव वेळा नकलीला जास्त गुण पडतात, एवढाच. माझ्याकडे तर एकेकच माणूस समोर येतं. जोडीने येत नाहीत."

"एक टक्का नव्वदच्या उंबरठ्यावरचा आहे, मॅडम. हवं तर बदलून देतो."

मावशीचे सत्त्याऐंशी. म्हणजे ज्या रेषेच्या भरवशावर बाईंनी तिला थांबवलं होतं, त्या रेषेच्या ती अलीकडेच होती.

"आणि तुम्ही खरे लेख म्हणून घेतलेत ते कोणाचे?"

"नामवंत लेखकांचे, मॅडम. दर्जाशी तडजोड नाही."

हे तडजोड नसणंच बाईंना दुसऱ्या दिवशी भोवलं. नणंदेने सुचवलं, की निबंध लिहून देणारं सॉफ्टवेअर जन्मायच्या आधीचे कॉलेजचे निबंध संगणकात आहेत. ते नक्की माणसांनी लिहिलेले. ते डिटेक्टरला घाला. त्यातला जो लाल होईल ती खोटी घंटा, त्यात वाद नाही. दोनशे घातले. चोवीस लाल झाले.

"बारा टक्के," नणंद म्हणाली. "नामवंतांच्या लेखांवर आठ होते. सहाशेचे बारा टक्के किती?"

"बहात्तर." बाई खुर्चीत बसल्या. "आणि आपले लाल चौऱ्याहत्तर. म्हणजे कोणीच नक्कल केली नसती तरी…"

"तरी साधारण एवढेच लाल आले असते. पण म्हणून कोणीच केली नाही, असं म्हणू नका हं. दोनशेच तपासलेत, थोडं इकडेतिकडे होणार."

"तुम्ही कधीतरी एक वाक्य पुरं करून तिथेच थांबत जा ना."

पण बाईंचं लक्ष भलतीकडेच होतं. त्या चोवीस नावांपैकी सतरा बाईंनीच वेळोवेळी शिकवलेल्या तुकड्यांची होती. त्यांनी एकेक निबंध उघडला. 'प्रस्तुत विषयाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' पुढचा. 'प्रस्तुत विषयाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' मग तीन उद्दिष्टं, तीन मुद्दे आणि 'यावरून असे दिसून येते की'. हा साचा बाईंनी स्वतः तयार केला होता आणि वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिला होता. त्याच्या बाहेर गेलं की त्या गुण कापत. मावशीही त्यांच्याच तुकडीतली.

नणंदेने स्क्रीनकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि टोमणा गिळला. या घराण्याच्या हिशेबात हे दुर्मिळ.

गुरुवारी बाईंनी मावशीला बसवून घेतलं. निबंध वाळूत खेळणाऱ्या मुलांवर होता. बाईंनी सहज विचारलं तर ती सुटलीच: कोणता मुलगा वाळू खातो, कोणती मुलगी खड्डा खणून त्यात चप्पल पुरते आणि मग तीच शोधत रडते, त्यातूनच तिला मोजणं कसं शिकवता येतं.

"हे यातलं काहीच कसं नाही निबंधात?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, मॅडम. निबंधात 'मी' आणायचा नाही, आणि घरगुती उदाहरणं नकोत."

यावरून तिने निबंध स्वतः लिहिला, हे सिद्ध होतं का? बाईंनी स्वतःलाच विचारलं. चप्पल पुरणारी मुलगी माहीत असलेली बाईही संगणकाकडून लिहून घेऊ शकते. आकडा सांगू शकत नव्हता, आणि आता बाईही नाही. पण थांबवण्याचं कारण तो आकडाच होता, आणि त्या कारणात काही उरलं नव्हतं.

त्यांनी चौऱ्याहत्तर निकाल सोडायचा कागद केला, नव्याने तपासल्याशिवाय डिटेक्टरच्या गुणावरून कोणाला दोषी धरू नये असं त्यात लिहिलं, आणि प्राचार्यांपुढे ठेवला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला.

"मी सभेत चौऱ्याण्णव सांगितलंय, बाई."

"हो सर. ते चौऱ्याण्णव दुसऱ्याच कशाचे आहेत."

"कशाचे?"

बाईंनी सांगायला सुरुवात केली. उंबरठा, ठिपका, निम्मे-निम्मे. प्राचार्यांच्या चेहऱ्यावर त्यांना मंगळवारची स्वतःची मुद्रा दिसली. "सोमवारी बघू," ते म्हणाले. सोमवारी सही झाली.

आता याची किंमत कोणी किती भरली ते बघू. गोडबोल्याने काही भरलं नाही. त्याच्या पुढच्या अहवालात आपल्या कॉलेजचं नाव 'समाधानी संस्था' म्हणून आलं. प्राचार्यांनी सभेतला आकडा मागे घेतला नाही, तेव्हा तेही सुटले. खरोखर नक्कल केलेले जे कोणी असतील, ते निकाल घेऊन घरी गेले. बाईंच्या दोन खिडक्या भूगोलाच्या सरांना मिळाल्या, मनातल्या पडद्यांसकट. आणि मावशीला निकालपत्र मिळालं, सोमवारी. शुक्रवारी शाळेने बालवर्गावर दुसरी बाई घेतली होती.