एकशे बावन्नचं उत्तर

पेपर तपासणीच्या खोलीत रसायनाच्या बाईंचा हात सगळ्यांत जलद चालायचा. बाकीचे परीक्षक चहाची वाट बघत दहा उत्तरपत्रिका करीत, तेवढ्यात बाईंच्या वीस झालेल्या असत. यात जादू काही नव्हती. द्रावणांवरचा चार गुणांचा प्रश्न त्यांनी स्वतःच काढलेला होता, त्यामुळे पोरं कुठे घसरणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

प्रश्न तसा सरळ नाकासमोर चालणारा. एका न उडणाऱ्या, पाण्यात न तुटणाऱ्या पदार्थाचे ९.४ ग्रॅम २५० ग्रॅम पाण्यात विरघळवले, तर पाण्याचा गोठणबिंदू ०.३७२ अंशाने खाली आला. पाण्याचा स्थिरांक १.८६. पदार्थाचं मोलर वस्तुमान काढा. उत्तर १८८. कुणी पाण्याचे ग्रॅम किलोत न्यायला विसरतं, कुणी एकक लिहीत नाही. अशांचा अर्धा-अर्धा गुण कापत बाई पुढे चालल्या होत्या.

तिसरा गठ्ठा सोडला आणि पाचव्याच उत्तरपत्रिकेत उत्तर दिसलं, १५२.

बाईंनी लाल पेन टेकवलं आणि तिथेच थांबल्या. सूत्र बरोबर होतं. आकडेही बरोबर भरले होते, ९.४ सुद्धा. पण ९.४ भरून १५२ येतच नाही, काही केलं तरी येत नाही. मधली एक ओळ गाळून पोराने थेट उत्तर लिहिलं होतं. बाईंनी शून्य द्यायचं म्हणून हात उचलला, आणि परत खाली घेतला. १५२ हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता.

प्रश्न पहिल्यांदा काढला तेव्हा त्यात ९.४ नव्हते, ७.६ ग्रॅम होते. ७.६ घेतले की उत्तर बरोब्बर १५२ येतं. छपाईच्या आधी समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं की ७.६ हाच आकडा आणखी एका प्रश्नात आहे, पोरं गोंधळतील. बाईंनी तिथल्या तिथे ९.४ केलं. म्हणजे १५२ हे उत्तर जुन्या कच्च्या कागदाचं होतं, आणि तो कागद घर आणि समितीची खोली यांच्या बाहेर कधी पडलाच नव्हता.

त्यांनी गठ्ठा भराभरा उलटला. तीस उत्तरपत्रिकांत अकरा जणांचं उत्तर १५२. अकराही जणांनी सूत्राच्या आधी एक वाक्य लिहिलं होतं: "पदार्थ कोणता हे पाण्याला कळत नाही, कण किती हे कळतं." हे वाक्य कुठल्याही पुस्तकात नाही. बाईंनी ते बारा वर्षांच्या असताना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहिलं होतं, कारण शिकवणाऱ्याने लिहायला लावलं होतं. शिकवणारे म्हणजे त्यांचे वडील.

बाईंचे बाबा चाळीस वर्षं रसायनाचे शिक्षक होते. आता लेकीकडे राहतात आणि आजूबाजूच्या मुलांना फुकट शिकवतात. परीक्षेत शेजारच्याच्या वहीकडे नजर वळली म्हणून स्वतःच्या पुतण्याला वर्गाबाहेर काढणारा माणूस. आणि बाईंची लहानपणापासूनची खोड अशी, की गणित काढलं की ते बाबांकडून सोडवून घ्यायचं. आकड्यात चूक राहू नये म्हणून. हाही प्रश्न त्यांनी दाखवला होता. "प्रश्न कुणालाही दाखवलेला नाही" या कागदावर सही केली, तेव्हा बाबा हे 'कुणी' आहेत असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आता आलं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपणाचं फाटक उघडून देणाऱ्या त्याच होत्या.

शेवटून दुसरी उत्तरपत्रिका मात्र त्यांना बघवेना. त्या पोराने मधली एकही ओळ गाळली नव्हती. वर १७४८४, खाली ९३, आणि उत्तर १८८, स्वच्छ अक्षरात. मग त्या १८८ वर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं होतं, १५२.

मुख्य परीक्षकांकडे गठ्ठा ठेवून बाईंनी सांगितलं की यात काहीतरी गडबड आहे, उद्या सकाळी लेखी देते. काय गडबड ते मात्र जिभेवर येईना.

संध्याकाळी घरी आल्या तेव्हा बाबा टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. बाईंनी चपलाही काढल्या नाहीत. छापील प्रश्नपत्रिका त्यांच्यापुढे ठेवली आणि द्रावणाच्या प्रश्नावर बोट टेकवलं.

"किती येतं हो, बाबा?"

"एकशे बावन्न," बाबा म्हणाले. चष्मा अजून खिशातच होता.

"वाचा तरी."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. बोट ९.४ वर येऊन थांबलं. मग त्यांनी एक शेंग उचलली, परत ठेवली. चाळीस वर्षं ज्याचं गणित तोंडी असायचं तो माणूस पेन्सिलने कागदाच्या कडेला गुणाकार करत बसला, आणि बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

बाबांनी नाही म्हटलं नाही. गेल्या वर्षी त्यांची निम्मी मुलं याच धड्यात आपटली होती. आईबाप म्हणायला लागले होते की सरांचं वय झालं, आता नुसता वेळ जातो. तीन मुलं सोडून गेली. या वेळी शेवटच्या दिवशी त्यांनी प्रश्न फळ्यावर घातला, सराव म्हणून. येण्यासारखा आहे, एवढंच म्हणाले. आणि उत्तर पाठ करून घेतलं.

"मला वाटलं, एका प्रश्नाने काय आभाळ कोसळतंय," ते म्हणाले.

बाईंना राग आला होता. पण त्या ओरडल्या नाहीत. मग त्यांनी खोडलेल्या १८८ बद्दल सांगितलं. एका पोराने सगळं बरोबर सोडवलं होतं. त्याला येत होतं. आणि उत्तर बरोबर आल्यावर त्याने ते खोडलं.

बाबांनी शेंगा बाजूला सारल्या.

"तो आला होता माझ्याकडे," ते हळू बोलले. "पेपर झाल्या झाल्या. दारातच उभा राहिला. म्हणाला, सर, माझं एकशे अठ्ठ्याऐंशी येत होतं, दोनदा केलं तरी तेच. पण तुम्ही एकशे बावन्न सांगितलं होतं, म्हणून मी खोडलं. बरोबर केलं ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"प्रश्नपत्रिका त्याच्या हातात होती गं. मी बघितलीसुद्धा नाही." बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी म्हणालो, शहाणा आहेस. पाठ थोपटली त्याची."

मग बाबांनी विचारलं, खोडलेल्या उत्तराला गुण देता येतात का. बाई म्हणाल्या, नाही. आणि आता त्या अकराही जणांची चौकशी होईल. त्याचीसुद्धा.

बाईंनी कोरा कागद ओढला. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं की प्रश्न मी घरी दाखवला, सही खोटी ठरली, पुढच्या परिणामांना मी तयार आहे. दुसरी ओळ लिहायला घेतली तेव्हा बाबांनी हात पुढे केला. पेन मागितलं.

"ती माझी आहे," ते म्हणाले. "मला लिहू दे. आणि त्या पोराच्या घरी चल माझ्याबरोबर. एकटा गेलो तर माघारी येईन मी."