बालाजीरावांचा लांबलचक बरोबर पर्याय

बालाजीरावांना खोटं लिहिता येत नाही. माणूस म्हणून ही मोठी गोष्ट, पण बहुपर्यायी प्रश्न काढायला बसलेल्या माणसाचं त्यात वाटोळं होतं. चार पर्यायांतले तीन खोटे लिहावे लागतात, आणि तेही असे की शहाण्या मुलानं फसावं. बालाजीराव एकतीस वर्षं कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांच्या हातून खोटं असं बाहेर पडायचं, जसं आजारी माणूस गोळी गिळतो, डोळे मिटून, एकदाचं.

मी ऋजुता, मूळची साताऱ्याची. नवऱ्याच्या नोकरीपायी चेन्नईला आले आणि मैलापूरच्या एका छोट्या प्रकाशकाकडे कायद्याच्या पुस्तकांची संपादक झाले. बालाजीराव आमचे लेखक. प्रशासकीय कायद्यावर सरावाच्या प्रश्नपत्रिका आणि शेवटी सकारण उत्तरं, घरच्या घरी स्वतःला तपासून बघण्यासाठी, असं पुस्तक ठरलं होतं. दर रविवारी मी त्यांच्या घरी जायची, ते सांगायचे, मी टंकलेखन करायची आणि मनात चरफडायची.

पुस्तक विकलं जाईल तेव्हा जाईल, पण त्याची पहिली गिऱ्हाईक घरातच होती. त्यांची मुलगी सुष्मिता एका लॉ कॉलेजात हंगामी शिकवते. कॉलेजनं सांगून टाकलं होतं की या खेपेला नेट परीक्षा पास झाली तरच पुढच्या वर्षी बोलावणं. दोनदा ती नापास झाली होती. तिसऱ्यांदा काय होईल याचा विचार त्या घरात कुणी मोठ्यानं करत नसे, म्हणजे सगळे तोच करत असत.

पण यंदा चित्र पालटलं होतं. वडिलांच्या सरावपत्रिकेत सुष्मिताला पन्नासपैकी चव्वेचाळीस! बालाजीरावांनी तंजावरपर्यंत फोन केले. "आमची पोर आतां तयार आहे, पहा," ते प्रत्येक आतेभावाला सांगत. त्यांची मराठी तिकडची, तंजावरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतली, जुनी. ती ऐकली की मला शिलालेखाशी बोलल्यासारखं वाटायचं.

त्या रविवारी माझा नवरा पुष्कर मला न्यायला आला. तो श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करतो. कायद्याशी त्याचा संबंध हेल्मेट न घातल्याच्या दंडापुरता. माझं काम संपेना, त्याच्या फोनची बॅटरी संपली, म्हणून त्यानं टेबलावरची प्रश्नपत्रिका ओढली आणि टिकमार्क करत सुटला. मध्येच मला विचारलं, "सर्शिओरारी म्हणजे काय गं, पास्ता?"

"खालच्या प्राधिकरणाचा बेकायदा निर्णय रद्द करणारा न्यायालयाचा आदेश," मी म्हटलं. "तू गप्प बस."

सुष्मितानं हौसेनं त्याचा पेपर तपासला. पहिल्या पानावर ती हसत होती, तिसऱ्या पानावर नव्हती. पास्तावाल्याला एकोणचाळीस मिळाले होते.

"तुम्ही लॉ केलंय का?" तिनं विचारलं.

"नाही हो. सोपं होतं," पुष्कर म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं कौतुक चाललंय. "जो पर्याय सगळ्यांत लांब, तो बरोबर. 'मात्र', 'सर्वसाधारणपणे', 'परिस्थितीनुसार' असलं काही दिसलं की डोळे झाकून टिक. 'नेहमीच' आणि 'कधीही नाही' दिसलं की चूक. आमच्याकडे असा माल आला तर आम्ही अख्खी खेप परत पाठवतो."

मी पेपर उचलला आणि माझे डोळे उघडले. इतके महिने मी टाइप करत होते आणि मला दिसलं नव्हतं. हा पहा एक प्रश्न. पालिकेनं एका खाणावळीचा चालू परवाना नोटीस न देता रद्द केला, मालक कोर्टात गेल्यावर पालिका म्हणाली, आता सुनावणी देतो. हे चालेल का? पर्याय अ: चालेल. ब: चालणार नाही. ड: यांपैकी नाही. आणि क: 'सर्वसाधारणपणे सुनावणी निर्णयाआधीच द्यायला हवी, मात्र खरोखरीच्या तातडीत, कारणे असल्यास, निर्णयानंतरची सुनावणी अपवाद म्हणून पुरेशी ठरू शकते.' बालाजीरावांनी खरं उत्तर रेशमी साडी नेसवून बसवलं होतं आणि बाकीचे तिघे टॉवेलवर.

"सुष्मिता," मी म्हटलं, "हा तुझा बरोबर आला होता. पर्याय न बघता सांग. चालेल का, आणि का?"

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अक्का, ऑप्शन्स सांगा ना."

पुष्करला उशिरा का होईना कळलं की त्यानं काय केलंय, आणि तो चपला शोधायला लागला. बालाजीरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांची कीवही येत होती. लेकीला पास करायचं म्हणून रात्रंदिवस खपलेला बाप, आणि त्यानं तिला शिकवलं काय, तर पट्टीनं मोजून उत्तर ओळखायला.

"मज चुकीचें नीट लिहवत नाहीं," ते अखेर म्हणाले. "पोरें तेंच पाठ करतील, हें भय."

"मग तिचं चुकीचं लिहा, सर," मी म्हटलं.

मी जरा फणकाऱ्यानंच बोलले होते, पण त्यातूनच वाट निघाली. पुढच्या रविवारपासून आम्ही पद्धत बदलली. प्रश्न आधी पर्यायांशिवाय सुष्मिताला विचारायचा. ती जे चुकीचं बोलेल, ते जसंच्या तसं पर्याय म्हणून लिहायचं. खाणावळीच्या प्रश्नात 'कसलीही तातडी नसताना' एवढं जोडलं. त्यावर ती म्हणाली, परवाना म्हणजे सवलत, हक्क नव्हे, मग सुनावणी कशाला? पर्याय अ झाला. मग म्हणाली, त्या कायद्यात सुनावणीचा शब्दच नसेल तर? पर्याय ब. मग, नंतर सुनावणी दिली की सगळे दोष धुतले जातात. पर्याय क. खरं उत्तर आम्ही ड वर टाकलं, तेवढ्याच लांबीचं, साध्या कपड्यांत. तातडी नसल्यानं सुनावणी आधीच हवी होती, एवढंच.

आणि उत्तराची कारणं चारही पर्यायांची द्यायची, हा माझा हट्ट. बरोबर का बरोबर एवढं लिहून भागत नाही, चुकलेल्याला आपण कुठं घसरलो ते कळायला हवं. अ चूक, कारण सवलत असली तरी एकदा दिलेला परवाना काढून घेताना माणसाच्या पोटावर पाय येतो, त्याला ऐकून घ्यावंच लागतं. ब चूक, कारण कायदा गप्प असला तर ती जागा नैसर्गिक न्याय भरतो. क चूक, कारण एकदा निर्णय घेतलेला अधिकारी नंतर मोकळ्या मनानं ऐकत नाही, हे कोर्टालाही ठाऊक आहे आणि प्रत्येक सुनेलाही. शेवटचे तीन शब्द बालाजीरावांनी खोडायला लावले.

नवी पत्रिका पहिल्यांदा सोडवली तेव्हा सुष्मिताला एकवीस पडले. स्वतःच्याच तोंडच्या चुकांत ती परत पडली होती. पेन फेकून ती म्हणाली, "मी बसत नाही एक्झामला. चव्वेचाळीस होते तेच बरे होते." तिची आई जयंती माझ्याकडे असं बघत होती की मी त्यांच्या घरात साप सोडलाय. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, कशाला नाक खुपसलं? झाकली मूठ परीक्षेपर्यंत तरी झाकली राहिली असती.

पण परीक्षेत ती उघडणारच होती. सुष्मितानं दोन दिवस अबोला धरला, मग गुपचूप कारणं वाचायला घेतली. पुढं सत्तावीस, मग तेवीस, मग तेहतीस. चढ कसला तो, मैलापुरातली रिक्षा, थांबत, आचके देत. मुख्य म्हणजे ती आता उत्तर देताना 'कारण' म्हणायला लागली होती, जेवतानासुद्धा.

इकडे बालाजीरावांना मात्र नवं वेड लागलं. लांबी दिसली की कात्री. आयुष्यभर 'मात्र' वर जगलेला माणूस आता 'मात्र' दिसला की खवळायचा. त्या भरात त्यांनी एक प्रश्न असा छाटला: 'मूळ कायद्यात नियम विधिमंडळापुढे मांडण्याबाबत तरतूद आहे. सरकारने नियम मांडले नाहीत. परिणाम?' उत्तर अ, नियम तरीही लागू राहतात. ब होता, मंजुरीशिवाय नियम अमलातच येत नाहीत. सुष्मितानं ब वर टिक केली आणि कारणांच्या पानावर आपली चूक वाचली. मग पेपर घेऊन वडिलांपुढं उभी राहिली.

"अप्पा, हा प्रश्न चूक आहे."

"आक्षेप फेटाळला," बालाजीराव वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले.

"कारण?"

"कारण म्हणजे?"

"फेटाळला तर कारण द्या. सकारण हवं ना?"

बालाजीरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "नुसतें मांडण्याची तरतूद असेल तर सहसा न मांडल्यानें नियम मरत नाहींत. हें तुला ठाऊक नाहीं काय?"

"ठाऊक आहे," सुष्मिता म्हणाली. "पण सभागृहानं मंजूर केल्यावरच नियम लागू होतील, अशीही तरतूद असते. तेव्हा ब बरोबर. इथं कुठली तरतूद ते तुम्ही लिहिलंच नाही, कापून टाकलं. मग अ पण खरं, ब पण खरं."

"साधी मांडणीच अभिप्रेत आहे. कुणालाही कळेल."

"ते प्रश्नात नाही. आता नंतर तोंडी जोडता येत नाही, अप्पा. आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच तोलायचा, तुम्हीच लिहिलंय बाविसाव्या उत्तरात. आणि प्रश्न तुम्ही काढलेला, आक्षेप तुमच्यावर, आणि निकालही तुम्हीच देणार?"

बालाजीरावांनी माझ्याकडे बघितलं. निवाडा माझ्या गळ्यात पडला. पंधरा ग्रंथ लिहिलेल्या माणसाविरुद्ध निकाल द्यायचा, तोही त्यांच्याच सोफ्यावर बसून. मी मूळ मसुदा उघडला. पहिल्या मसुद्यात स्पष्ट होतं, 'मंजुरीची अट नसलेली, केवळ मांडण्याची तरतूद'. जे एक 'केवळ' ठेवायला हवं होतं, नेमकं तेच त्यांनी कापलं होतं.

"आक्षेप मान्य," मी म्हटलं. "दोन पर्याय बरोबर ठरतात, म्हणून प्रश्न रद्द. सुधारून परत घ्यायचा. कारण सुष्मितानं सांगितलंय तेच, मी त्यात भर घालत नाही."

बालाजीरावांनी तो प्रश्न पुन्हा वाचला. मला वाटलं, आता माझी इथली नोकरी गेली. मग ते उठले, धोतर सावरलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन ओरडले, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असं.

"जयंती! अगे, ऐकलीस काय? तुझ्या लेकीनें मला रद्द केलें! कारणासहित!"

डोळे पुसायला त्यांनी दाराकडेच तोंड ठेवलं. "काफी आण," ते म्हणाले. "आधीं तिला दे."