कपिलच्या नावावरची माफी

सप्ताहातल्या काल्याच्या कीर्तनाला मृदंगावर कपिलनं बसावं, असा पुंडलिकमहाराजांचा निरोप आला आणि घरात दिवाळी झाली. बेबीताईंनी देवापुढं साखर ठेवली, शेजारी वाटली, आणि लेकाच्या हातावर ठेवायला गेल्या तर लेकाचं तोंड उतरलेलं.

कारण त्याला एकट्याला ठाऊक होतं. कॉलेजात असताना कपिलला एक वाईट खोड लागली होती. यूट्यूबवर कोणाचंही कीर्तन लावायचं आणि खाली काहीतरी टोचून लिहायचं. लोक हसले की याला गुदगुल्या. पुंडलिकमहाराज मोठ्या आजारातून उठून पहिल्यांदा उभे राहिले, त्या कीर्तनाखाली यानं लिहिलं होतं, ‘बुवा, आवाज फाटला. आता घरी बसा अन् नातवंडं खेळवा.’ पुढं गावच्या भजनी मंडळात तो सहज म्हणून मृदंगाला बसला. हरिनामाची गोडी कधी कोणाला कुठल्या दारानं गाठेल याचा नेम नाही. बोटांतून ती आत उतरली आणि टवाळी आपोआप सुटली. पण लिहिलेलं होतं तिथंच राहिलं. आता पत्रिकेवर त्याचं नाव छापून येणार, महाराजांचा चॅनल सांभाळणारा पुतण्या गोपाल ते नाव ओळखणार, आणि ज्या माणसाला घरी बसा म्हटलं त्याच्याशेजारी मृदंग घेऊन बसायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी तो कळंबला प्रेमच्या मोबाइलच्या दुकानात गेला. प्रेम त्याचा शाळासोबती. सगळं ऐकून तो आधी पोट धरून हसला आणि मग म्हणाला की, चॅनल उडवून टाक, सगळ्या कॉमेंट एका झटक्यात जातील.

“माह्याजवळ कुठं चॅनल आहे बे? मी एकही व्हिडिओ टाकला नाही.”

“कॉमेंट करतो म्हणजे चॅनल असतोच लेका. रिकामा असला तरी असते.”

प्रेमनं समजावलं. चॅनल कायमचा काढला की त्यावरून लिहिलेलं सगळं जातं, जमवून ठेवलेल्या व्हिडिओंच्या याद्या आणि सबस्क्राइब केलेले चॅनलही जातात, आणि परत काही येत नाही. ईमेलचं खातं तेवढं शाबूत राहतं. नाहीतर दुसरा रस्ता म्हणजे आजवरच्या कॉमेंट ओळीनं दिसतात ते पान उघडायचं आणि एकेकीपुढची फुली दाबत बसायचं. सगळ्या निवडून पुसायची सोय तिथं नाही.

“उडव,” कपिल म्हणाला. प्रेमनं पान उघडलं, पासवर्ड टाकायला लावला. आता दोन चौकटींत खुणा करायच्या आणि बटण दाबायचं, एवढंच उरलं. तेवढ्यात कपिलला वाटलं, जाण्याआधी एकदा पाहून तर घ्यावं आपण काय काय पाप केलं ते. त्यानं कॉमेंटांचं पान उघडलं आणि खाली खाली जाऊ लागला.

वाचता वाचता तो चक्रावला. ‘माउली आज डोळे भरून आले’. ‘महाराज अभंग पुन्हा म्हणा तो लई गोड म्हणला’. ‘आमच्याकडे तूर बरी आहे तुमच्याकडे कशी आहे ताई’. ना टिंब, ना स्वल्पविराम. हे त्यानं कधीच लिहिलं नव्हतं.

मग त्याच्या ध्यानात आलं. घरात मागल्या वर्षापर्यंत एकच मोठा फोन होता, त्याचा. दुपारी तो फोन घरी ठेवून शेतात गेला की आई ओसरीवर धान्य निवडत कीर्तन लावायची. माइकचं चिन्ह दाबून बोललं की अक्षरं उमटतात हे त्यानंच तिला शिकवलं होतं. कोणाच्या नावानं उमटतात ते सांगायचं राहिलं होतं. आर्णीकडची कोण एक ताई रोज विचारत होती, ‘कपिलभाऊ, आज कीर्तनाला आले नाही?’ आणि बेबीताई कपिलभाऊ होऊन उत्तर देत होत्या.

प्रेम पुन्हा हसायला लागला. कपिल मात्र हसला नाही, कारण आता ती जुनी कॉमेंट आली होती. ‘आवाज फाटला’च्या खाली त्याच्याच नावानं एक उत्तर होतं. ‘महाराज माफ करजा पोरगं लहान आहे त्याले आजारपण माहीत नाही तुम्ही कीर्तन सोडू नका’. त्याखाली एकानं टोमणा मारला होता, ‘भाऊ, सकाळी शिवी अन् संध्याकाळी माफी?’ आणि त्याच्याखाली चॅनलचं उत्तर, ‘माउली, आवाज फाटला हे खरं आहे. पण म्हणणं सुटत नाही. कीर्तनाला या.’

“वरची पुसली तर खालची उत्तरं?” कपिलनं विचारलं.

“तीही जातात. महाराजांचंही जाईन.” प्रेमनं क्षणभर विचार केला. “एडिट कर ना. वरचे शब्द बदल, खालचं तसंच राहते. ‘जय हरी’ लिहून टाक.”

कपिलनं पेन्सिलचं चिन्ह दाबलं. मजकूर खोडून ‘जय हरी’ लिहिलं. आता सेव्ह करायचं. आणि त्याला खालचं पुन्हा दिसलं. वर ‘जय हरी’ आणि खाली आई हात जोडून माफी मागते आहे. कशाची? जग म्हणेल, लिहिणाऱ्याला वेड लागलं. आपलं पाप झाकायला आईला खुळी ठरवायचं, हे काही त्याच्या जिवाला मानवलं नाही. त्यानं रद्द केलं.

घरी येऊन आईला विचारलं. तिनं कबूल केलं, जराही न लाजता.

“तू लिहिलेलं मले वाचता येते ना बापा. दुसऱ्याच्या दारात तू घाण टाकली, त मीच झाडीन नाही त कोण झाडीन?”

“मले सांगितलं काहून नाही?”

“तुह्या वयाले सांगून पटते काय? अन् मृदंग शिकला मग, म्हणलं आता कायले सांगायचं.” मग ती हळूच म्हणाली, “माहं पुस पाहिजे तर. महाराजांचं उत्तर नको पुसू.”

पुढचे काही दिवस तो वेळ मिळेल तसा एकेक फुली दाबत राहिला. आपलं टवाळीचं तेवढं पुसायचं, आईचं ठेवायचं. प्रत्येक वाचल्याशिवाय ते निवडता येईना, आणि वाचताना कान तापत. सगळं पुसून ती एक राहिली. ती तशीच ठेवून तो पुंडलिकमहाराजांच्या घरी गेला.

महाराज पलंगावर बसून सुपारी कातरत होते. कपिलनं पायावर डोकं ठेवलं, फोन पुढं केला आणि सगळं सांगितलं. महाराजांनी चष्मा लावला. वाचायला त्यांना बराच वेळ लागला. गोपाल दारातून चपापून पाहत होता. मग तोच पुढं येऊन म्हणाला, “काका, ते उत्तर मी लिहिलं होतं. तुम्हाले हे काही दाखवलं नव्हतं.”

कपिलला आत्ता उमगलं. महाराजांना काहीच ठाऊक नव्हतं. आपण आज येऊन ते पहिल्यांदा त्यांच्या हाती दिलं.

महाराजांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. बेबीताईंच्या ओळीवर त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं.

“आता खरं सांग,” ते म्हणाले. “अजून फाटते काय आवाज?”

या खोलीत खोटं बोलणं सगळ्यात सोपं होतं. कपिलनं मान खाली घातली.

“वरच्या सुरात फाटते, महाराज. शेवटच्या अभंगाला.”

“हं.” महाराजांनी फोन त्याच्या हातात परत दिला. “गोपाल असं कधी सांगत नाही मले. मग तिथं मृदंगावर तुहा हात जरा चढा ठेवजो. अन् काल्याला येताना आईले संगं आण. तिच्याशी बोलाचं आहे.”