पटावरचा नवा क्रम

पत्र मी फार मन लावून लिहिलं होतं. वीस वर्षांच्या नोकरीत पालकांना पहिल्याच वाचनात समजेल असं काही लिहायची ही माझी पहिलीच वेळ.

'वर्षाच्या सुरुवातीला हजेरीपटावर आधी मुली, मग मुलगे, आणि दोन्हींत आडनावाच्या अक्षराप्रमाणे क्रम लागतो. मध्येच आलेल्या मुलाला शेवटचा क्रमांक मिळतो. शाळा सोडून गेलेल्याचा क्रमांक रिकामा राहतो, तो दुसऱ्याला देत नाहीत. यंदा तिघं गेली, पाच आली. म्हणून मुख्याध्यापिकांच्या मंजुरीने दुसऱ्या सत्रापासून मुलंमुली एकत्र, पहिल्या नावाप्रमाणे नवा क्रम लावला आहे. सत्र चालू असताना तो बदलणार नाही.'

इथे थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण खाली मी तक्ता जोडला: जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि पटावर असतं तसं अख्खं नाव. मुलाचं, वडिलांचं, आडनाव. वर शाळेचा पत्ता होताच. मधल्या सुट्टीनंतर अडतीस प्रती वाटल्या.

शेवटच्या तासाला ठमीची आई दारात आली. ती इस्पितळात कपडे धुते आणि घंटेच्या दहा मिनिटं आधीच लेकीला घेऊन जाते. गर्दीत तिला उभं राहवत नाही. का, ते शाळेत तिघांनाच माहीत होतं: मुख्याध्यापिका म्हणजे मोठ्या बाई, मी आणि मोठ्या बाईंच्या कपाटातला कोर्टाचा कागद. ठमीच्या बापाला मायलेकींचा पत्ता कळू द्यायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं.

ठमीने दप्तरातून पत्र काढून हौसेने दाखवलं. "आई, मी चाळीसवरून अकरा!"

आईचं बोट तक्त्यावर अकराव्या ओळीशी थांबलं. बापाच्या नावावर.

"बाई, हे सगळ्यांना गेलं?"

मी वर्गाकडे वळले.

"पत्रं परत द्या," मी वर्गाला म्हटलं. "चूक झालीय."

"कुणाची, बाई?"

"माझी."

"मग शंभर वेळा लिहिणार?"

"लिहीन. आण इकडे."

मोजली. सदतीस. परत मोजली. सदतीसच. पत्रं वाटल्यावर बटाट्या पोटात दुखतंय म्हणून घरी गेला होता. त्याचा बाप वायरमन. पालकांच्या ग्रुपवर तो दिसेल त्याचा फोटो टाकतो. गेल्या महिन्यात आमच्या जळलेल्या पंख्याचे सहा टाकले होते. ग्रुपमधून कागद कुठल्या गावाला जाईल, कुणी सांगावं?

मी फोन लावला. उचलला नाही.

ठमीला मोठ्या बाईंजवळ बसवून आम्ही दोघी निघालो. दोन गल्ल्यांचं अंतर, पण संपेचना. ठमीची आई दर दहा पावलांना मागे बघत होती. मग मीही बघायला लागले. एक सायकलवाला आमच्याकडे बघून हसला, तर मी ठमीच्या आईला ओढून भिंतीशी सरकले. तो माझा जुना विद्यार्थी निघाला.

वायरमनने दार उघडलं. "बाई? काय दिवे लावले कार्ट्याने?"

"काही नाही. एक पत्र होतं."

"कसलं? मला नाही दिलं."

आत पांघरुणाखाली बटाट्या हुंदके देत होता. त्याने सदऱ्यातून ओला, चुरगाळलेला बोळा काढला.

"मी बाविसावा होतो, बाई. आता चौतिसावा. मी एवढा ढ झालो?"

क्रमांकाचा हुशारीशी संबंध नसतो, हे एक वाक्य लिहायचं राहिलं होतं. त्या विसरभोळेपणाला मी मनातल्या मनात हात जोडले.

"म्हणून पोट दुखत होतं होय रे?" वायरमन हसला आणि हात पुढे केला. "बघू तरी. चूक असेल तर ग्रुपवर टाकतो, म्हणजे सगळ्यांना कळेल."

"नको!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. तो दचकला. ठमीच्या आईने बोळा घेऊन मुठीत आवळला.

"उद्या नवं पत्र येईल," मी म्हटलं. "आणि बाळा, नंबर म्हणजे नुसती जागा. मीसुद्धा शाळेत शेवटून तिसरी होते."

"मग ढच होता ना तुम्ही?" बटाट्या डोळे पुसत म्हणाला.

बाहेर आल्यावर ठमीच्या आईने विचारलं, "उद्याच्या पत्रात नावं असतील?"

"नाही. ज्याचा त्याचा आकडा, वेगळ्या चिठ्ठीवर."

"आणि पटावर?"

"पटावर राहणारच. पण पट कपाटात असतो. कुलूप असतं."

"किल्ली कुठे असते?"

किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. वर चिठ्ठी आहे: 'कपाटाची किल्ली'.

"मोठ्या बाईंकडे," मी म्हटलं आणि तिच्याही पुढे शाळेकडे जवळजवळ धावत सुटले.