जोतीराम आप्पांचं निरोपाचं पत्र

"माणूस जातो, पण त्यानं लिहिलेलं पत्र मागं राहतं, आणि ज्याचं पत्र वजनदार, त्याचं नाव वजनदार," असं जोतीराम आप्पांनी एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्च महिन्यात सोलापुरातल्या चाटी गल्लीत जाहीर केलं. ते ऐकायला टायपिस्ट राजेसाब एकटाच हजर होता आणि तो त्या वेळी शर्टावर सांडलेली शाई थुंकी लावून पुसत होता.

जोतीराम आप्पा हे चादरी-टॉवेलच्या एका घाऊक पेढीचे हिशेबनीस. अठ्ठावीस वर्षं एकाच गादीवर बसून गादीला त्यांचा आणि त्यांना गादीचा आकार आला होता. एकतीस मार्चला ते निवृत्त होणार होते आणि एक एप्रिलला केमला, आपल्या गावी जाणार होते. तिथं शाळेची नवी इमारत उठत होती. गावानं आप्पांना इमारत निधीचे खजिनदार नेमायचं ठरवलं होतं. सोलापुरात उभ्या जन्मात त्यांना कुणी कशाचं काही नेमलं नव्हतं. त्यामुळं हे पद मनात आलं, की आप्पा एकटे असले तरी टोपी सारखी करत.

जाण्याआधी गिऱ्हाइकांना कळवणं भाग होतं. चहा आला तशी आप्पांनी राजेसाबला कल्पना दिली.

"हे बघ, सगळ्यास्नी सांगायचं. मी एकतीस तारखेला सुटतो. गुडघं ऐकत न्हाईत आता. त्यानंतर पैसं माझ्या हातात द्यायचं न्हाईत, नवी पोरगी आलीया दाक्षायणी, तिच्याकडं द्या म्हणावं. किल्ल्या, शिक्कं, चेकबुकं तिच्या हवाली केल्यात. वह्या बघून घेतीय ती, लई हुशार हाय. आणि तुमी समद्यांनी लई जीव लावला, म्हणावं."

"झ्याक हाय की आप्पा! हेच छापतो."

"खुळा का काय तू? हे बोलणं झालं. पत्र म्हंजे पत्र. कागद घे."

मग आप्पांनी डोळे मिटले आणि बोलण्याचं पत्र केलं. राजेसाबनं ते स्टेन्सिलवर चढवलं. ते असं:

"कळविण्यात येते की, दि. ३१ मार्चनंतर श्री. जोतीराम यांचा पेढीशी कोणताही संबंध राहणार नाही. अपरिहार्य कारणास्तव हा निर्णय घेणे भाग पडले आहे. तदनंतर त्यांच्याशी आर्थिक व्यवहार केल्यास पेढी जबाबदार राहणार नाही. त्यांच्या ताब्यातील किल्ल्या, शिक्के व चेकबुके दोन साक्षीदारांसमक्ष काढून घेण्यात आली आहेत. त्यांच्या कारकिर्दीतील वह्यांची तपासणी चालू आहे. ग्राहकांनी त्यांच्यावर टाकलेल्या विश्वासाची पेढीस जाणीव आहे."

गुडघ्यांना पत्रात जागा मिळाली नाही. गुडघा हा शब्द आप्पांना पत्रात शोभेना, म्हणून तो "अपरिहार्य कारण" झाला.

पेढीतल्या माणसांसाठी एक वेगळी सूचना फळ्यावर लागली. आपल्यासाठी कुणी वर्गणी काढू नये, हारतुरे आणू नयेत, असं आप्पांच्या विनयशील मनात होतं. सूचनेत त्याचं "कर्मचाऱ्यांनी या प्रकरणी आपापसांत चर्चा टाळावी" असं झालं.

शेठजींनी पत्र न वाचता सही केली. आप्पांनी पुढं केलेला कागद वाचायची सवय त्यांना अठ्ठावीस वर्षांत लागली नव्हती. चाळीस प्रती निघाल्या आणि पोस्टाच्या दाखल्यासह रवाना झाल्या. एक प्रत केमलाही गेली. कारण तिथला कापडदुकानदार मानसिंग हा पेढीचं गिऱ्हाईक होता, आणि शाळा समितीचा अध्यक्षही तोच होता.

दोन दिवसांनी हमाल बिरप्पा गठ्ठा खाली ठेवून आप्पांच्या कानाशी आला.

"आप्पा, किती?"

"किती काय?"

"ऱ्हाऊ द्या. चर्चा करायची न्हाय म्हनून लिवलंय."

तिसऱ्या दिवशी दुधनीचे व्यापारी तिप्पण्णा स्वतः आले. त्यांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांत दुःख होतं. पण त्याहून जास्त कौतुक होतं.

"तुमच्यात येवढी धमक असंल असं कधी वाटलं न्हवतं बगा. मी आपला म्हनायचो, साधा मानूस हाय."

"अहो, कसली धमक? मी रिटायर होतोय!"

"व्हय, व्हय. असंच सांगायचं," तिप्पण्णा मान डोलावत म्हणाले, आणि वकिलाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आप्पांच्या खिशात सारून गेले.

एवढं आप्पांनी पचवलं असतं. पण चौथ्या दिवशी मानसिंगचं कार्ड आलं. "समितीची बैठक झाली. खजिनदाराची जागा तूर्त रिकामी ठेवावी असं ठरलं. तुमी तब्येतीला जपा." आप्पांनी कार्ड तीनदा वाचलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. अठ्ठावीस वर्षांत त्यांची टोपी पेढीत उतरली नव्हती.

"राजेसाब," ते म्हणाले, "स्टेन्सिल घे. खुलासा करायचा."

खुलासा झाला: "श्री. जोतीराम यांच्यासंबंधी पसरलेल्या अफवांबाबत स्पष्ट करण्यात येते की, आजतागायत कोणताही गैरव्यवहार उघडकीस आलेला नाही."

हा कागद मात्र दाक्षायणीच्या हाती लागला. ती नुकती बी.कॉम. झालेली, अक्कलकोट बाजूची मुलगी.

"काका, हे नका पाठवू."

"का? चूक काय हाय यात?"

"चूक काहीच नाही. तेच वाईट आहे. निदान 'आजतागायत' तरी काढा."

"आजतागायतला वजन हाय, पोरी."

"आहे ना! मानेवर बसलंय तुमच्या." मग तिनं आवाज खाली आणला. "पहिलं पत्रही मी वाचलं होतं. म्हटलं, या पेढीत माणसाला असंच काढत असतील. मी तर घरी सांगितलं, दुसरी नोकरी बघते म्हणून."

आप्पांनी खुलाशाचा कागद घडी करून खिशात घातला. दाक्षायणीनं पोस्टातून कोरी कार्डं आणवली, चहा मागवला आणि म्हणाली, "आता तुम्ही राजेसाबभाईंशी बोला. पत्र नका सांगू, नुसतं बोला."

आप्पांनी सवयीनं आधी डोळे मिटले. चहा निवायला लागला तसे सुरू झाले, "काय सांगू राजेसाब? गुडघं गेलं रे. जिना चढताना देव आठवतोय. न्हाईतर सोडली असती व्हय मी ही गादी?" दाक्षायणी शब्दही न बदलता उतरवत राहिली. गुडघे आले, जिना आला, लई जीव लावला तेही आलं. "ही पोरगी माझ्यापरीस हुशार हाय" हेही आलं. ते तिनं जरा ठळक अक्षरात लिहिलं. या खेपेला शेठजींना वाचायला लावलं. शेठजी हसले, त्यांचे डोळेही भरले, आणि सहीखाली त्यांनी आपल्या हातानं लिहिलं: "आप्पांनी एक पै इकडची तिकडं केली न्हाई. आमीच केली असंल."

चाळीस कार्डं गेली. तिप्पण्णांनी ट्रंककॉल करून, जरासं खट्टू होऊन, वकिलाची चिठ्ठी परत मागवली. फळ्यावरची सूचना बिरप्पानं उतरवली आणि वर्गणी काढली.

तीस तारखेला केमचं कार्ड आलं. आप्पांनी टोपी डोक्यावर घातली आणि उभं राहून, साऱ्या पेढीला ऐकू जाईल असं वाचलं:

"जोतीरामदादा, कार्ड पोचलं. चावडीवर वाचून दाखवलं, तुमच्या शेजारची सोजरबाई रडली. पहिल्या पत्रापायी गावानं तुमच्यावर संशय घेतला, त्याची लाज वाटती. खजिनदार तुमीच. समितीनं एकमतानं ठरवलं, आमचा तुमच्यावर पूर्ण भरवसा हाय. एक तारखेला स्टेशनवर हलगी घेऊन येतो."

पेढीत टाळ्या पडल्या. राजेसाबनं तर टाइपरायटरची घंटा वाजवली. आप्पांनी डोळे पुसले, कार्ड उलटं केलं, आणि पत्त्याशेजारच्या उरलेल्या जागेतली बारीक ओळ त्याच भरल्या आवाजात वाचली:

"ता. क. निधीच्या पेटीला येताना सोलापुरातून नवं कुलूप आणा, किल्ली तुमच्याकडं राहील. तिथंच तिच्या दोन जादा करून आणा, आमच्यापाशी असू द्या."