जागा रिकामी झाल्यावर

केशवरावांच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये ‘नाही’ म्हणायची पद्धतच नव्हती. नाही म्हटलं की माणूस कडू होतो, असं त्यांचं म्हणणं. मग काय, नोकरी मागणाऱ्या प्रत्येकाला एकच गोड उत्तर जायचं: ‘आपला अर्ज पसंत पडला. जागा रिकामी झाल्यावर सर्वप्रथम आपणासच बोलावू.’ नोकरी द्यायची नाही, पण आशेवर ठेवायचं. अकोल्यात अशा आशेवर म्हातारी झालेली माणसं काही थोडी नसतील!

हे उत्तर पाठवायचं काम ललिताचं. जठारपेठेतून रोज स्कूटीवर यायची, कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तिच्याच ताब्यात. बिलं, हजेरी, ईमेल, सगळं तीच बघायची. इलेक्ट्रिशियनच्या एका जागेची जाहिरातही तिनंच टाकली होती, आणि ती जागा मिळाली कोणाला, तर तिच्याच नवऱ्याला, उद्धवला. वशिल्यानं नाही हो, टेस्ट देऊन. दोन वर्षं घरी बसलेला माणूस कामाला लागला म्हणून ललितानं त्या दिवशी शेजारपाजारी पेढे वाटले होते.

जागा भरल्यावर आठवड्यानं ईमेलवर एक अर्ज आला. दुपारी जेवणाचा डबा उघडा ठेवूनच तिनं तो वाचला.

‘मा. व्यवस्थापक साहेब यांस, नत्थू खुशाल काळमेघ, राहणार मोझरी, याचा सा. नमस्कार. इलेक्ट्रिशियनच्या जागेकरिता अर्ज करतो. अमरावतीच्या आयटीआयमध्ये दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन कोर्स पूर्ण केला असून राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळाले आहे. तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना आहे. दोन्ही सोबत जोडले आहेत. मोटारीचे रिवाइंडिंग, स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी, केबलचा जॉइंट, अर्थिंग आणि मेगर लावून इन्सुलेशन तपासणे ही कामे स्वतःच्या हाताने केली आहेत. काम करताना लाइन बंद करून किटकॅट काढतो व खिशात ठेवतो. तारेला हात लावण्याआधी टेस्ट लॅम्प लावून पाहतो. एकदा संधी द्यावी.’

‘सा. नमस्कार’ म्हणजे साष्टांग. असं आजकाल कोण लिहितं? ललिताला हसू आलं. जोडलेलं प्रमाणपत्र उघडलं तर कोपऱ्यात काळापांढरा फोटो, तेल लावून चापून बसवलेले केस, गळ्याशी बंद शर्ट. खाली साल १९६५. पोरानं आजोबाचं सर्टिफिकेट चिकटवलं वाटतं, चांगलाच धांदरट दिसतो, असं म्हणत तिनं नेहमीचं गोड उत्तर पाठवून दिलं आणि भाकरीचा घास घेतला.

उत्तराला उत्तर सहसा कोणी देत नाही. यानं दिलं.

‘आपले पत्र पावले. आनंद झाला. जागा रिकामी होण्याची वाट पाहतो. ती लवकरच होईल असे दिसते. नवे वायरमन जुन्या प्रेसघरात किटकॅट काढून बोर्डावरच ठेवतात.’

ललिताचं हसू ओसरलं. जुनं प्रेसघर कारखान्याच्या मागच्या बाजूला. केशवरावांच्या वडिलांनी, म्हणजे बापूसाहेबांनी, बांधलेलं. बाकी सगळीकडे नवे स्विच आले, पण तिथल्या बोर्डावर अजून चिनीमातीचे फ्यूज, ज्यांना सगळे किटकॅट म्हणतात. ते उपसले की पुढची लाइन मेली. परत खोचले की जिवंत. बाहेरच्या माणसाला तिथं पाय ठेवायची परवानगी नाही. मग या मोझरीवाल्याला कसं दिसलं?

संध्याकाळी चहा देताना तिनं विचारलं, “अहो, तुमी ते किटकॅट काढून कुठं ठेवता?”

“बोर्डावर. काहून वं?”

“खिशात ठेवत जा न.”

“खिशात मोबाईल हाय, टेस्टर हाय, तंबाकूची पुडी हाय. अन तिथं येते कोण? तुले कोणी शिकवलं हे?” उद्धव हसला. “मले लागून महिना झाला नाई तं साहेबीण झाली का माही?”

ती कपबश्या उचलून आत गेली. पत्राचं सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी प्रेसघराकडून ओरडा झाला. ललिता चप्पल न घालता धावली. उद्धव कापसाच्या ढिगावर फेकला गेला होता. उजवा हात मनगटापासून काळपट पडलेला, ओठ पांढरे, पण श्वास चालू. काम करताना लाइन अचानक जिवंत झाली होती. नशिबानं ढीग मागे होता, लोखंड नव्हतं.

बोर्डाजवळ मशीनवाला मोतीराम उभा होता. सगळे त्याच्यावर तुटून पडले. तो कळवळून म्हणाला, “आईची आन सांगतो, मी आपल्या मनानं नाई लावला! माह्या हातात किटकॅट देला न कोणी. म्हणे, काम झालं, लाव. मले वाटलं उद्धवभाऊच हाय.”

“कोण होता तो?”

“चेहरा नाई पाह्यला. हात थंडगार होता. कुलरमंदून काढल्यावानी.”

दवाखान्यातून उद्धवला घरी सोडलं, हाताला पट्टी बांधून. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचला. ललितानं देवापाशी दिवा लावला आणि मनातल्या मनात रडून घेतलं. सकाळी ऑफिसात येऊन कॉम्प्युटर सुरू केला, तर पहिलंच पत्र नत्थू काळमेघचं.

‘जागा रिकामी झाली काय? कृपया कळवावे.’

शब्द तिचेच होते. तिनंच लिहून दिलं होतं, जागा रिकामी झाल्यावर. त्यानं बिचाऱ्यानं विश्वास ठेवला, आणि जागा रिकामी व्हायची तर एकाच तऱ्हेनं होणार होती.

अंगणात पार्बताबाई कापसातला कचरा वेचत बसलेल्या. लहान पोर होत्या तेव्हापासून इथं कामाला. केशवरावांनंतर कारखान्यात त्यांच्याइतकं जुनं कोणी नाही. ललिता त्यांच्यापाशी जाऊन उकिडवी बसली. “आत्या, नत्थू काळमेघ म्हणून कोणी होता का वो इथं?”

म्हातारीचा हात थांबला.

“कोणी सांगतलं तुले त्याचं नाव? या आवारात कोणी घेत नाई.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “इथं कामाले नोयता तो. कामाले लागाले आला होता. मोझरीचा. गोरापान पोरगा, नवे कपडे घालून आलता. बापूसाहेबानं सांगतलं, करून दाखव. प्रेसची लाइन दुरुस्त करून दाखव, मंग पाहू. त्यानं किटकॅट काढले, खिशात ठेवाले गेला, तं बापूसाहेब म्हणे, दे इकडं, मी धरतो. आता मालकाले नाई कसं म्हणन पोरगं? देले बापा त्यानं. मंग कापसाच्या गाठी भरून रेल्वेवर जाच्या होत्या, उशीर होऊन राह्यला होता. बापूसाहेबाले वाटलं, झालं त्याचं. मशीनवाल्याच्या हातात देले अन म्हणे, लाव.”

“गेला?” ललितानं विचारलं.

“जागच्या जागी. त्याचा बाप आला तं बापूसाहेबानं त्याले सांगतलं, तो आमचा माणूस नोयता. कामावर घेतलाच नोयता. बरोबरच हाय म्हना,” पार्बताबाई खिन्न हसल्या, “घेतलाच नोयता त्याले. बाप त्याचे सर्टिफिकेट मांगत होता, तेही नाई देले.”

ललिता उठली. मनात एकदम लख्ख झालं. ‘नाही’ म्हणून कळवावं, तर इतकी वर्षं उभा राहिलेला माणूस तेवढ्यानं जाणार होता थोडाच! आणि उद्धवनं नोकरी सोडली तर जागा रिकामी झालीच की. त्या जागेवर उद्या दुसऱ्या कोणाचा नवरा येईल. नत्थूला काय, तो थांबेल.

तिनं खुर्ची ओढली. कोणाला न विचारता, जन्मात पहिल्यांदा, गोड उत्तर सोडून खरं उत्तर लिहिलं.

‘श्री. नत्थू खुशाल काळमेघ, इलेक्ट्रिशियनची जागा भरलेली आहे. ती रिकामी होणार नाही. आपल्याकरिता सहायक इलेक्ट्रिशियनची नवी जागा करण्यात आली असून आजपासून आपणास कायम नेमण्यात येत आहे. श्री. उद्धव यांच्या हाताखाली काम करावे. काम चालू असताना किटकॅट आपल्याच खिशात ठेवावेत. मालकाने मागितले तरी देऊ नयेत.’

शेवटची ओळ लिहिताना तिचे डोळे भरून आले. कोण कुठला पोरगा, पण नवे कपडे घालून आला होता. तिनं पत्र पाठवलं आणि हजेरीत त्याचं नाव चढवलं.

उत्तर लगेच आलं. ‘रुजू झालो.’

पट्टी सुटल्यावर उद्धव कामावर आला. ललितानं देव पाण्यात ठेवले होते. दुपारी तो ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला, चेहरा उतरलेला.

“ललिते, मले एक सांग. मी किटकॅट काढून बोर्डावर ठेवले. मांगं वळून पाह्यतो तं नाईत. मोतीरामनं घेतले म्हणाव, तं तो जेवाले गेलता. सगळं काम होऊन हात धुतले मी, तं बोर्डावर जसेच्या तसे. धरून पाह्यले तं गार.” तो जवळ आला. “अन लाइन उघडताना कोणीतरी माह्याजवळ टेस्ट लॅम्प धरला. मी मांगतलाही नोयता.”

“भेव वाटला?”

“लय वाटला. पण खरं सांगू, बरंही वाटलं. आता कोण हाय हे मी नाई विचारत. तूही सांगू नको.” आणि तो मागं वळून न पाहता प्रेसघराकडे निघून गेला.

महिनाअखेर केशवराव हजेरी बघायला बसले. चष्मा नाकावर, बोट नावांवरून खाली येत होतं. ते एका नावाशी थांबलं.

“हा कोण? सहायक इलेक्ट्रिशियन? मी कोणाले घेतलं नाई.”

“मी घेतलं, साहेब.”

“तू? कोणाले विचारून? काढून टाक. आत्ताच्या आत्ता लिहून दे त्याले.”

ललिता उभी राहिली. “मले काढा, साहेब. राजीनामा लिहून देते. पण त्याले काढाचं पत्र मी नाई लिहिणार. त्याले एकदा ‘आमचा माणूस नाई’ म्हटलं तुमच्या घरानं. दुसऱ्यांदा म्हणाचं असन तं तुमच्या हातानं लिहा.”

केशवरावांनी पुन्हा नाव वाचलं. नत्थू खुशाल काळमेघ. आता मात्र ते सावकाश वाचलं, ओठ हलवत. त्या दिवशी तेही तिथं होते, बापाचं बोट धरून, हे ललिताला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. बाहेर प्रेस सुरू झाली होती, गाठीवर गाठ पडत होती. त्यांनी चष्मा काढला. इतका मोठा माणूस, पण आवाज लेकरासारखा आला.

“माह्या बापाबद्दल काही बोलला का तो?”

“नाई, साहेब,” ललिता म्हणाली. “त्याले फक्त काम पाह्यजे होतं.”