पुष्पलतामावशींच्या दातांतली फट

सातपाटीच्या मच्छीमार बायकांवरचा उन्नतीचा माहितीपट जवळजवळ पूर्ण झाला होता. होडीतून टोपल्या उतरवण्याचं एकच दृश्य बाकी होतं, आणि नेमका आदल्या दिवशी त्यातल्या मुख्य बाईचा, पुष्पलतामावशींचा, पाय मुरगळला. मग त्यांची जाऊ मंजुळा त्यांचंच लुगडं नेसून उभी राहिली. "तोंड माजा लाव," मावशींनी उन्नतीला हसत परवानगी दिली.

पालघर स्टेशनजवळच्या आपल्या छोट्या स्टुडिओत उन्नतीने मंजुळाच्या चेहऱ्यावर मावशींचा चेहरा बसवला. बसला छान, पण प्रोग्रॅमने तो जेमतेम टपाल तिकिटाएवढा बनवला होता, त्यामुळे मोठ्या पडद्यावर धूसर दिसे. तिने चेहरा सुधारणारा प्रोग्रॅम पूर्ण जोरात चालवला, वर चित्रही चौपट मोठं केलं. पापणीचा केस न् केस मोजता येईल इतकं लख्ख झालं. उन्नती स्वतःवरच खूश.

दुसऱ्या दिवशी दोघी जावा बघायला आल्या, मावशी मंजुळाच्या खांद्याचा आधार घेत. मावशींनी मान तिरकी केली.

"ही बाय बरी हाय. पण कोन हाय?"

"तुम्हीच की मावशी."

"मी नाय गो. माजे दात बग," त्या हसल्या. पुढच्या दोन दातांत चांगली फट होती. पडद्यावरच्या बाईचे दात मोत्यासारखे एका ओळीत होते.

"मी बी नाय ती," मंजुळा म्हणाली.

उन्नतीने मधली फाइल उघडली. सुधारण्याआधीच्या चेहऱ्यात ती फट होती, अंधुक का होईना. हजारो चेहरे पाहून शिकलेल्या त्या सुधारणाऱ्या प्रोग्रॅमने धूसर जागा अंदाजाने भरल्या होत्या, आणि फट त्याला दोषच वाटली असावी. कपाळावरच्या सुरकुत्याही गेल्या होत्या. मावशींच्या फोटोंशी जुळणी मोजली, तर सुधारल्यावर आकडा चांगलाच घसरला होता. हे तिने आधीच बघायला हवं होतं. तिला ओशाळल्यासारखं झालं.

तिने सुधारणेचा जोर कमी करून ती मूळ चेहऱ्यात थोडीशीच मिसळली. लांबून घेतलेल्या शॉट्समध्ये मावशी ओळखू येऊ लागल्या. जवळून घेतलेल्या शॉटमध्ये मात्र जोर कमी केला की धूसर, वाढवला की परकी बाई.

"हे मशीनने व्हायचं नाही," उन्नती शेवटी म्हणाली. "मावशी, बसून हसता येईल ना?"

"पाय मुरगाललाय, तोंड नाय."

दोन दिवसांनी बंदरावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडली. मावशी टोपली मांडीवर घेऊन बसल्या. मंजुळाने कॅमेऱ्यामागून काहीतरी चावट सांगितलं, आणि मावशी अशा खळखळून हसल्या की उन्नतीला दुसरा टेक घ्यावाच लागला नाही.

माहितीपट दाखवला तेव्हा दूरच्या शॉटमधली पाठमोरी वळणारी बाई मंजुळा आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मंजुळाने मात्र शेजारणीला कोपराने ढोसून सांगितलं, "चाल बग. ती माजी हाय."